डेप्थ इमेजवरून अनोळखी वस्तू नेमकी कुठे पकडायची: बिनमधून उचलण्यासाठी ग्रॅस्प पॉइंट काढायची रीत

बिनमध्ये वस्तूंचा ढीग आहे, वर डेप्थ कॅमेरा टांगलाय, रोबोला दोन बोटांचा ग्रिपर लावलाय आणि वस्तू कुठली येणार ते आधी माहीत नाही, म्हणजे कॅड मॉडेलही नाही आणि ट्रेनिंगही नाही. अशा सेटअपवर बहुतेक जण एकाच जागी आपटतात. डेप्थ इमेजमध्ये जिथे ० आलाय तिथे 'काही नाही' असं समजून बोट खाली घालतात. ० म्हणजे रिकामं नव्हे, ० म्हणजे कॅमेऱ्याला दिसलं नाही. एवढी एक गोष्ट शेवटपर्यंत सांभाळली तर निम्म्या धडका होतच नाहीत, म्हणून खालचे सगळे टप्पे तिच्याभोवतीच फिरतात.

इथे जी पद्धत सांगतोय तिचा मूळ विचार २०१४ मध्ये डोमाए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला, त्याला 'ग्रॅस्पॅबिलिटी' म्हणतात. ग्रिपरचा वरून दिसणारा ठसा घ्यायचा आणि तो डेप्थच्या नकाशावर सरकवत न्यायचा. जिथे दोन बोटांच्या मधे वस्तू आहे आणि बोटांच्या खाली काही नाही, ती जागा पकडायची. ट्रेनिंग लागत नाही आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. चुकलं तर का चुकलं तेही चित्रात दिसतं, आणि मला यातलं हेच जास्त आवडतं.

पूर्ण लेखात एकच उदाहरण धरतो. बिनचं आतलं माप ४०० × ३०० मिमी, खोली २०० मिमी. कॅमेरा रिअलसेन्स डी४३५, बिनच्या तळापासून ७०० मिमी वर, १२८० × ७२० वर चालवलेला. ग्रिपर ८० मिमी उघडतो, बोटाची जाडी १२ मिमी, रुंदी २० मिमी. वस्तू कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणल्या: साबणाचे खोके, बिस्किटपुडे, शॅम्पूच्या बाटल्या, टूथब्रश, टूथपेस्ट.

## टप्पा १: रोबोला हात लावायच्या आधी

१.१ ग्रिपर मोजा, कॅटलॉगवर जाऊ नका. व्हर्नियर घ्या आणि बोट टोकाला किती जाड, किती रुंद, पूर्ण उघडल्यावर मधे किती जागा हे स्वतः मोजा. बोटाला रबर पॅड चिकटवला असेल तर तोसुद्धा धरून. कॅटलॉगमध्ये ८५ लिहिलेलं असतं आणि दोन्हीकडे पॅड लावल्यावर हातात ८० उरतात, मग प्रत्येक ग्रॅस्पला बाटली बोटाला घासत का जाते ते दोन दिवस कळत नाही.

१.२ रिकाम्या बिनचा फोटो घ्या. त्यावरून तळाचा प्लेन काढा (रॅन्सॅक पुरेसा आहे) आणि बिनची स्वतःची फ्रेम ठरवा: एक कोपरा म्हणजे शून्य, X लांब बाजूला, Y आखूड बाजूला, Z वर. इथून पुढे सगळं याच फ्रेममध्ये, मिलिमीटरमध्ये. कॅमेरा दोन-तीन अंशांनी तिरका लागलेला असतोच. मग कच्ची डेप्थ थेट वापरली तर बिनचं एक टोक दुसऱ्यापेक्षा १५-२० मिमी 'उंच' दिसतं आणि रोबो त्या कोपऱ्यातून उचलायचा हट्ट धरून बसतो.

१.३ हॅन्ड-आय कॅलिब्रेशन टोचून तपासा. २० मिमी उंच ठोकळा बिनमध्ये पाच जागी ठेवा, चार कोपरे आणि मध्य. कॅमेऱ्यावरून वरच्या कोपऱ्याचा पॉइंट काढा, रोबोच्या टोकाला टोकदार पिन लावा आणि तिथे पाठवा. किती चुकतंय ते पट्टीने मोजा.

> तपासणी: पाचही जागी चूक ३ मिमीच्या आत हवी. मध्यावर १ आणि कोपऱ्यात ६ येत असेल तर फिरकीत (रोटेशनमध्ये) चूक आहे, X-Y मध्ये ऑफसेट देऊन झाकू नका.

१.४ बिन हलू देऊ नका. टेबलावर चार स्टॉपर ठोका. बिन ५ मिमी सरकला की तुमच्या डेटामधली भिंत एकीकडे आणि खरी भिंत दुसरीकडे, आणि बोट त्या दोघींच्या मधे.

## टप्पा २: डेप्थ स्वच्छ करणं, पण फार नाही

२.१ एका फ्रेमवर विसंबू नका. बिन स्थिर आहे, तेव्हा १५ फ्रेम घ्या आणि प्रत्येक पिक्सेलचा मीडियन काढा, पण तो काढताना ० आलेल्या फ्रेम वगळा. १५ पैकी ८ पेक्षा कमी फ्रेममध्ये खरी किंमत मिळाली असेल तर तो पिक्सेल 'माहीत नाही' म्हणून सोडून द्या. शून्यांसकट सरळ सरासरी घेतली तर ६०० आणि ० यांच्या मधलं काहीतरी भलतंच येतं आणि हवेत तरंगणारे पॉइंट दिसायला लागतात.

किती अचूकता अपेक्षित धरायची? स्टिरिओ कॅमेऱ्यात डेप्थची चूक अंतराच्या वर्गाने वाढते:

```
dz = z*z * dd / (f * b)
   = 700*700 * 0.1 / (640 * 50)  ≈ 1.5 mm
```

इथे `f` पिक्सेलमधली फोकल लांबी (या रिझोल्युशनला साधारण ६४०, तुमच्या कॅमेऱ्याची नेमकी किंमत इंट्रिन्सिक्समधून घ्या), `b` दोन लेन्समधलं अंतर, म्हणजे बेसलाइन, ५० मिमी आणि `dd` जुळणीतली चूक, पाव-अर्ध्याऐवजी दशांश पिक्सेल धरलीय. तोच कॅमेरा १ मीटरवर नेलात तर ३ मिमी होतील. कॅमेरा 'सगळं दिसावं' म्हणून उंच टांगायचा मोह होतो, तो आवरा.

२.२ होल फिलिंग बंद. हा मुद्दा जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. रिअलसेन्सच्या एसडीकेमध्ये `hole_filling_filter` आहे. त्याचा डीफॉल्ट मोड आजूबाजूच्या पिक्सेलमधली सगळ्यात *लांबची* किंमत घेऊन भोक भरतो. आता विचार करा भोकं पडतात कुठे. वस्तूच्या कडेला, सावलीत, बरोबर जिथे तुम्हाला बोट घालायचंय. फिल्टर तिथे तळाची किंमत भरतो, म्हणजे न बघताच 'इथे मोकळं आहे' असं सांगून मोकळा होतो. चित्र मात्र छान गुळगुळीत दिसतं, म्हणून शंका येत नाही.

माझ्याकडे असंच झालं. स्टीलच्या झाकणाच्या बाजूला मस्त मोकळी जागा दिसत होती, बोट खाली गेलं आणि झाकणाच्या आड उभ्या असलेल्या काचेच्या बाटलीवर आपटलं. बाटली वाचली, बोटाचा ब्रॅकेट वाकला. त्या दिवसापासून फिल्टर बंद.

ही सावली, म्हणजे एका लेन्सला दिसते आणि दुसरीला नाही ती पट्टी, किती रुंद असते ते काढता येतं: बेसलाइन × उंचीतला फरक ÷ वरच्या कडेपर्यंतचं अंतर. वस्तूचा माथा तळापासून ९५ मिमीवर (म्हणजे कॅमेऱ्यापासून ६०५) आणि शेजारचा पृष्ठभाग ४० मिमीवर असेल तर ५० × ५५ ÷ ६०५, म्हणजे साधारण ४.५ मिमी. चालण्यासारखं आहे. पण तुमच्याकडे २५० मिमी बेसलाइनचा स्ट्रक्चर्ड लाइट स्कॅनर असेल तर हीच सावली २३ मिमी होते, अख्खं बोट मावेल एवढी. महागडा स्कॅनर आणूनही ग्रॅस्प कमी मिळतात अशी तक्रार येते, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

२.३ इंट्रिन्सिक्स कुठल्या? डेसिमेशन फिल्टर लावला की रिझोल्युशन बदलतं, तेव्हा इंट्रिन्सिक्स फिल्टर झालेल्या फ्रेमच्या प्रोफाइलमधून घ्या. डेप्थ कलरला अलाइन केली असेल तर कलर कॅमेऱ्याच्या घ्या. चुकीच्या घेतल्या तर पॉइंट भलत्याच जागी पडतात, आणि लोक पुन्हा कॅलिब्रेशन करत बसतात.

> सावधान: पारदर्शक बाटली आणि आरशासारखं चकचकीत स्टील यांच्यापुढे ही पद्धत हरते. पारदर्शक वस्तूत कधीकधी भोकसुद्धा पडत नाही, आरपार मागचा तळच दिसतो, म्हणजे 'माहीत नाही' ऐवजी ठामपणे चुकीचं उत्तर येतं. असा माल असेल तर हा लेख पुरणार नाही.

## टप्पा ३: हाइटमॅप

पॉइंट क्लाउड बिनच्या फ्रेममध्ये आणा आणि वरून २ मिमीच्या चौकटी आखा, म्हणजे २०० × १५० सेल. प्रत्येक सेलमध्ये तिथल्या पॉइंटची सगळ्यात जास्त उंची ठेवा. जिथे एकही पॉइंट पडला नाही तिथे `nan`.

```python
CELL, NX, NY = 2.0, 200, 150          # mm, सेल, सेल

def heightmap(P):                      # P: N x 3, बिन फ्रेम
    H = np.full((NY, NX), -1e6, np.float32)
    i = np.floor(P[:, 0] / CELL).astype(int)
    j = np.floor(P[:, 1] / CELL).astype(int)
    ok = (i >= 0) & (i < NX) & (j >= 0) & (j < NY)
    np.maximum.at(H, (j[ok], i[ok]), P[ok, 2])
    H[H < -1e5] = np.nan
    return np.pad(H, 30, constant_values=200)
```

सेल २ मिमीच का? ७०० मिमीवर एका पिक्सेलखाली ७०० ÷ ६४०, म्हणजे साधारण १.१ मिमी जागा येते. सेल पिक्सेलपेक्षा मोठा हवा, नाहीतर वस्तू व्यवस्थित दिसत असूनही चाळणीसारखी भोकं पडतात. तरी एखाद-दुसरा सेल सुटतोच. एकटा सुटलेला सेल, ज्याच्या आठ शेजाऱ्यांपैकी सहा तरी माहीत आहेत, तो शेजाऱ्यांच्या मीडियनने भरा. एवढीच सूट. त्याहून मोठं भोक तसंच ठेवायचं.

शेवटच्या ओळीतलं `np.pad` गाळू नका. चारही बाजूंना ३० सेल (६० मिमी) २०० मिमी उंचीची भिंत उभी केलीय. ती नसली तर बिनच्या बाहेर रिकामं आहे असा अर्थ होतो, आणि एक बोट आत, एक बाहेर अशी भिंतीची सुंदर पकड मिळते. माझ्या रोबोने एकदा अख्खा क्रेट उचलून दाखवला होता, आम्ही टाळ्या वाजवल्या. मात्र पॅड केल्यामुळे इंडेक्स ३० ने सरकतात, परत बिनच्या मिमीमध्ये जाताना ते वजा करा.

> तपासणी: रिकाम्या बिनचा हाइटमॅप काढा. तळ सगळीकडे ०च्या आसपास, ±३ मिमीत हवा. एका बाजूला चढ दिसत असेल तर १.२ वर परत जा.

## टप्पा ४: दोन मास्क, आणि 'माहीत नाही'चे दोन अर्थ

बोटाचं टोक ज्या उंचीपर्यंत खाली जाणार त्या उंचीला `zt` म्हणू. एका `zt` साठी दोन मास्क काढायचे.

```python
def masks(H, zt):
    unk = np.isnan(H)
    obj = (~unk) & (H >= zt + 10)     # पकडायला माल
    blk = unk | (H > zt - 5)          # बोटाला अडथळा
    return obj.astype(np.float32), blk.astype(np.float32)
```

पहिला मास्क विचारतो, टोकाच्या वर निदान १० मिमी माल आहे का, म्हणजे पॅडला धरायला काहीतरी मिळेल का. दुसरा विचारतो, बोट इथे उतरलं तर काही लागेल का, त्यात ५ मिमी जागा राखीव ठेवलीय.

आता `unk` कुठे गेलाय ते बघा. पकडायच्या मास्कमध्ये माहीत नसलेला सेल म्हणजे माल नाही, अडथळ्याच्या मास्कमध्ये तोच सेल म्हणजे भरलेला. एकाच सेलला दोन ठिकाणी दोन उलट अर्थ, आणि दोन्ही वेळा आपल्याला गैरसोयीचा तोच. `nan` च्या जागी सुरुवातीलाच कुठला तरी एक आकडा टाकून दिला, मग तो ० असो की २००, तर यातला एक अर्थ चुकणारच. म्हणून `nan` इथपर्यंत जपून आणायचा.

`zt` च्या किमती ढिगाच्या माथ्यापासून १० मिमीच्या पायऱ्यांनी खाली आणा, पण १० मिमीच्या खाली जाऊ नका, नाहीतर तळाचा नॉइजच अडथळा म्हणून उभा राहतो. याचा सरळ अर्थ असा की तळावर सपाट पडलेली २० मिमीपेक्षा पातळ वस्तू या आकड्यांनी सापडणार नाही. टूथपेस्टची ट्यूब आडवी पडली की संपलं. त्यासाठी व्हॅक्यूम कप लावा, थ्रेशोल्ड ताणत बसू नका.

## टप्पा ५: ग्रिपरचा ठसा सरकवणं

दोन कर्नल बनवा. `Kt` म्हणजे बोटांच्या मधला आयत. `Kc` म्हणजे दोन बोटांचे दोन आयत, प्रत्येकाला चारही बाजूंनी २ सेल (४ मिमी) सूट देऊन. बोट १२ × २० मिमी म्हणजे ६ × १० सेल, सूट धरून १० × १४. सूट आतल्या बाजूनेही जाते, म्हणून ८० पैकी ७२ मिमीच वापरायला उरतात. ४ मिमी कुठून आले? कॅलिब्रेशनची चूक ३ मिमीपर्यंत, सेलचा अर्धा भाग १ मिमी. तुमचं कॅलिब्रेशन ५ मिमी चुकत असेल तर सूट वाढवा, पण मग दाट ढिगात ग्रॅस्पच मिळणार नाहीत, तेव्हा कॅलिब्रेशनच सुधारलेलं बरं.

कर्नल ०° ते १६५° पर्यंत १५° च्या पायरीने फिरवा, १२ कोन झाले. दोन बोटं सारखीच असल्यामुळे १८०° च्या पुढे तीच पकड पुन्हा येते.

```python
def search(obj, blk, Kt, Kc):
    B = cv2.BORDER_REPLICATE
    T = cv2.filter2D(obj, cv2.CV_32F, Kt, borderType=B)
    C = cv2.filter2D(blk, cv2.CV_32F, Kc, borderType=B)
    ok = ((T > 40) & (C < 0.5)).astype(np.float32)
    return cv2.GaussianBlur(ok, (0, 0), 3) * ok
```

सहा ओळींचा कोड आहे, पण माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने यात काहीतरी चुकवलंय. मी चारही चुका केल्यात:

मास्क `uint8` ठेवला आणि आउटपुटही तेच, तर बेरीज २५५ वर अडकते आणि मोठ्या वस्तू सगळ्या सारख्याच दिसतात. म्हणून फ्लोट. दुसरं, मोठ्या कर्नलला ओपनसीव्ही आतून डीएफटी वापरतं, तेव्हा शून्याच्या जागी ०.००००३ असलं काहीतरी येतं आणि `C == 0` लिहिलं असेल तर एकही ग्रॅस्प मिळत नाही. म्हणून `C < 0.5`. तिसरं, कर्नलची लांबी-रुंदी विषम ठेवा (५७ × ५७ सारखी), सम ठेवली तर मध्य अर्ध्या सेलने सरकतो, म्हणजे प्रत्येक पकड १ मिमी बाजूला. आणि चौथं, शेवटी `ok` ने गुणायला विसरू नका. गॉशियनमुळे गुण आजूबाजूला पसरतात, दोन चांगल्या जागांच्या मधली वाईट जागा सगळ्यात वर येऊ शकते.

गॉशियन लावायचा कशाला मग? जिथे आजूबाजूच्याही जागा चालतात ती जागा वर यावी म्हणून. कडेवरची पकड नियमात बसते पण २ मिमी चुकली की गेली.

> तपासणी: रोबो अजून बंदच. टॉपचे १० ग्रॅस्प चित्रावर आयत काढून बघा, दोन्ही बोटं वेगळ्या रंगात. बोटाचा आयत वस्तूवर किंवा काळ्या भोकावर आलेला एक जरी दिसला तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: घसरणार तर नाही ना

आत्तापर्यंत फक्त 'बोट मावतं का' बघितलं. मावलं म्हणजे पकडलं असं नाही, आणि गोल वस्तूंवर बहुतेक सगळे इथे चुकतात.

६.१ वरून दिसणारी कड. ग्रॅस्पच्या मध्यापासून दोन्ही बोटांच्या दिशेने चालत जा, `obj` मास्क जिथे संपतो ती कड. थोड्या ब्लर केलेल्या मास्कवर सोबेल लावून तिथे कडेला लंब असलेली दिशा काढा. बोट ज्या रेषेत बंद होतं तिच्याशी ती किती अंशाचा कोन करते? घर्षण गुणांक ०.४ असेल तर वस्तू २१.८° पर्यंत टिकते (त्या गुणांकाचा आर्कटॅन). मी २० धरतो. दोन्ही कडा २०° च्या आत हव्यात, एक चांगली आणि एक वाईट चालत नाही, तेव्हा वस्तू बोटांच्या मधून फिरून निसटते.

६.२ बाजूचा उतार. आडवी पडलेली शॅम्पूची बाटली घ्या, व्यास ६० मिमी. बोटाचं टोक माथ्यापासून २० मिमी खाली गेलं. वाटतं पुरे झालं. पण पॅड माथ्यापासून १० ते २० मिमी या पट्ट्यात टेकलाय, तिथे बाटलीची बाजू अजून बाहेरच्या बाजूला फुगतेय. दाबलं की बाटली खाली सटकते, ओल्या साबणासारखी.

हे हाइटमॅपवरच कळतं. टोकाच्या उंचीला आणि त्याच्या १० मिमी वर, अशा दोन पातळ्यांवर वस्तूची कड कुठे आहे ते बघा. माथ्यापासून १० मिमीवर बाटलीची अर्धी रुंदी २२.४ मिमी, २० मिमीवर २८.३, ३० मिमीवर पूर्ण ३०. म्हणजे १० ते २० मध्ये कड ५.९ मिमी बाहेर सरकली, उतार साधारण ३०°, नापास. २० ते ३० मध्ये फक्त १.७ मिमी, साधारण १०°, पास. नियम असा लक्षात ठेवा: १० मिमी खाली गेल्यावर एका बाजूची कड २ सेल किंवा जास्त बाहेर सरकत असेल तर ही खोली नाकारा आणि पुढच्या, खालच्या `zt` ला बघा. (२ सेल म्हणजे ४ मिमी, ४ भागिले १० चा आर्कटॅन २१.८°, आपल्या मर्यादेच्या बाहेर.)

६.३ एक की दोन? बोटांच्या मधल्या रेषेवर उंचीचा आलेख काढा. मधे १० मिमीपेक्षा खोल दरी असेल किंवा `nan` ची पट्टी असेल तर बहुधा दोन वस्तू शेजारी शेजारी आहेत. दोन बिस्किटपुडे एकत्र उचलले जातात ते असेच. अगदी चिकटून, एकाच उंचीला असलेले दोन पुडे मात्र डेप्थमध्ये वेगळे दिसतच नाहीत, ते उचलल्यावर वजनावरून किंवा रुंदीवरून पकडावे लागतात.

## टप्पा ७: एक ग्रॅस्प सुरुवातीपासून

ढिगाच्या वर साबणाचं खोकं आहे, ९० × ५५ × ३० मिमी, सपाट, ३०° फिरलेलं. माथा ९५ मिमीवर. एका बाजूला बिस्किटपुडा टेकलाय, त्याचा माथा ७८ मिमीवर. दुसऱ्या बाजूला पृष्ठभाग ४० मिमीवर आणि खोक्याला लागून सावलीची पट्टी.

`zt` = ८५: माल म्हणजे ९५ च्या वरचे सेल. माथाच ९५ ला आहे, नॉइजमुळे अर्धे सेल आत, अर्धे बाहेर, मास्क फाटका. `T` कुठे ४० ओलांडतो, कुठे नाही. असे ग्रॅस्प ६.१ मध्ये कडा वेड्यावाकड्या येऊन आपोआप गळतात.

`zt` = ७५: माल ८५ च्या वर, खोकं पूर्ण दिसतं. अडथळा ७० च्या वर, म्हणजे ७८ वाला पुडा अडथळा झाला. खोक्याच्या मध्यावर आडवी पकड धरली तर एक बोट पुड्यावर येतं, `C` शून्य नाही. पण पुडा खोक्याच्या अर्ध्याच लांबीला टेकलाय, म्हणून लांबीच्या दिशेने २० मिमी सरकल्यावर दोन्ही बोटं मोकळी.

सावलीचं काय? खोक्याची अर्धी रुंदी २७.५, बोटाची आतली कड सूट धरून मध्यापासून ३६ मिमीवर. मधे ८.५ मिमी जागा, सावली ४.५ मिमीची. बोट सावलीवर येत नाही, चालतं. टोक ७५ वर, माथा ९५ वर, म्हणजे २० मिमी पकड. खोक्याच्या बाजू सरळ, ६.२ मध्ये कड सरकत नाही, पास.

एक गोष्ट खुपते: पकड वजनाच्या मध्यापासून २० मिमी बाजूला आहे. हलक्या खोक्याला चालतं. जड वस्तू असती तर उचलताना तिरकी झाली असती. वजन डेप्थवरून कळत नाही, तेव्हा एवढंच करता येतं की मध्यापासून जितकं लांब तितके गुण कमी द्यायचे. वरची वस्तू आधी उचलायची म्हणून उंचीलाही गुण द्या, खालची आधी ओढली की ढीग कोसळतो.

## टप्पा ८: रोबो चालवताना

पहिल्या दिवशी रोबोला ग्रॅस्पच्या ५० मिमी वर थांबवा, खाली जाऊच देऊ नका. कोन बरोबर आहे का ते डोळ्यांनी बघा. कॅमेऱ्याचा कोन आणि रोबोच्या मनगटाचा कोन उलट दिशेने मोजले जात असतील तर ०° आणि ९०° ला सगळं छान दिसतं आणि ३०° ला बोटं १५०° वर वळलेली असतात. म्हणून टेस्टला तिरकी वस्तूच ठेवा.

पकडल्यावर ग्रिपर किती मिटला ते वाचा. आपण ५५ अपेक्षित धरलंय आणि तो ० पर्यंत मिटला तर हवा पकडली. ३१ आला तर खोकं उभं फिरलंय किंवा भलतीच वस्तू आलीय. १० मिमीपेक्षा जास्त फरक असला की खाली ठेवून पुन्हा फोटो.

प्रत्येक प्रयत्नानंतर, यशस्वी असो वा नसो, नवीन फोटो घ्या. 'यादीत दुसऱ्या नंबरचा ग्रॅस्प तयारच आहे' म्हणून वेळ वाचवायला जाऊ नका, पहिल्या पकडीने ढीग हललेला असतो. आणि फसलेली जागा लक्षात ठेवा: पुढचे दोन प्रयत्न तिच्या २० मिमी परिघात जायचं नाही. नाहीतर रोबो तेच चित्र बघून तोच ग्रॅस्प काढतो आणि त्याच जागी चोची मारत बसतो.

## न्यूरल नेटवर्क आहे तर हे सगळं कशाला

हा प्रश्न येतोच. जीजी-सीएनएन (२०१८) घ्या, ३०० × ३०० ची डेप्थ इमेज दिली की ते प्रत्येक पिक्सेलला गुण, कोन आणि रुंदी देतं. छान चालतं, पण ते शिकलंय कॉर्नेलच्या ८८५ चित्रांच्या डेटासेटवर, ज्यात टेबलावर एकेक वस्तू ठेवलेली आहे. बाजूच्या पुड्याला बोट लागेल हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. शिवाय नेटवर्कला `nan` देता येत नाही, भोकं भरूनच द्यावी लागतात. म्हणून नेटवर्क वापरायचं तर भरलेली प्रत त्याला द्या, `nan` वाली प्रत बाजूला ठेवा आणि त्याने सुचवलेला प्रत्येक ग्रॅस्प टप्पा ४ आणि ५ च्या अडथळा तपासणीतून न्या. आउटपुटमधला कोन वाचताना एक भानगड: तो थेट येत नाही, दुप्पट कोनाचे साइन आणि कोसाइन येतात, तेव्हा आर्कटॅन काढून अर्धा करायचा. अर्धा करायला विसरलात की ०° ची पकड बरोबर आणि ४५° ची ९०° वर.

## टप्पा ९: नोंद कशी ठेवायची

३० प्रयत्न करा आणि 'किती यशस्वी' एवढंच लिहू नका, फसलेला प्रत्येक प्रयत्न कशाने फसला ते लिहा. चार खाने पुरतात. बोट आपटलं: `nan` कुठेतरी भरला जातोय किंवा सूट कमी आहे, टप्पा २ आणि ५ बघा. हवा पकडली: कॅलिब्रेशन किंवा सम मापाचा कर्नल. पकडून सटकलं: ६.२ ची तपासणी नाहीये किंवा पॅडवर साबणाची पावडर बसलीय, आधी पॅड पुसून बघा. दोन उचलले: ६.३. प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाचा हाइटमॅप `nan` सकट फाइलमध्ये सेव्ह करा, रंगीत फोटो नव्हे. रंगीत फोटोत सगळं ठीकच दिसतं, बोट कुठल्या काळ्या पट्टीत गेलं ते हाइटमॅपमध्येच सापडतं.